परीक्षकाचा हात

धाराशिवच्या विज्ञान प्रदर्शनात सहावी ते आठवी एकच गट. म्हणजे अकरा वर्षांचं लेकरू चौदा वर्षांच्या पोराशी झुंजणार! म्हणून परीक्षकाने यंत्र नंतर पाहावं, आधी विचारावं: काय बदललंस, काय तसंच ठेवलंस, किती वेळा मोजलंस? दोन कुंड्यांना सारखंच पाणी घालून एकीवरच सोयाबीनचं भुसकट पसरणारी सहावीतली पोर हे नीट सांगत असेल, तर विकतच्या सेन्सरपेक्षा ती पुढेच. शिवाय परीक्षकांचा हातही सारखा नसतो. सढळाची सरासरी 75 असेल, तर त्याचे 80 गुण म्हणजे पाचच वर. कडकाची 60 असेल, तर त्याचे 72 म्हणजे बारा वर. अर्थात, दोघांना प्रकल्प चिठ्ठ्या टाकून वाटलेले हवेत, नाहीतर ही तुलनाच फसते. संयोजकांनो, सरासरी न पाहता निकाल लावू नका.