आधी दोन पाळ्यांची नोंद, मग गोळी

मुलुंडची बत्तीस वर्षांची स्त्री. अंधेरीत चकाल्याला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, संध्याकाळी तोच प्रवास उलटा. तक्रार अशी: "डेट जवळ आली की आठवडाभर मी मला ओळखू येत नाही. घरी कुणी पाण्याचा ग्लास मागितला तरी अंगावर धावून जाते. मग बाथरूममध्ये जाऊन रडते. दोनदा राजीनामा लिहून ठेवला. पाळी आली की तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटते." ही कोणा एका रुग्णाची कहाणी नाही. उपनगरांतल्या ओपीडीत भेटणाऱ्या अनेकजणींवरून हे उदाहरण बेतले आहे, पण तिच्या केसपेपरवर काय लिहिले जाते ते आपण सगळे जाणतो. 'पीएमएस', त्याखाली बी-कॉम्प्लेक्स, एखादी प्रोजेस्टेरॉनची गोळी आणि फारच रडली तर रात्रीसाठी अल्प्राझोलाम.

या चिठ्ठीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीला आमची हरकत आहे, आणि पहिली हरकत निदानाला आहे.

पाळीआधी पोट फुगणे, स्तन दुखणे, थोडी चिडचिड, गोड खावेसे वाटणे हे पुष्कळ स्त्रियांना होते. त्याचा त्रास कामावर किंवा घरात जाणवू लागला की त्याला पीएमएस म्हणायचे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या निकषानुसार पाळीआधीच्या पाच दिवसांत एक मानसिक आणि एक शारीरिक लक्षण असले आणि हे सलग तीन पाळ्यांत घडले तरी पुरते. पीएमडीडीचा उंबरठा पुष्कळ वर आहे. २०१३ साली डीएसएम-५ ने त्याला नैराश्याच्या आजारांमध्ये स्वतंत्र स्थान दिले. तिथे किमान पाच लक्षणे लागतात. त्यांतले एक तरी मूळ मनोवस्थेचे असावे लागते, म्हणजे भावनांचे तीव्र हेलकावे, संताप, खिन्नता किंवा ताणाने आलेली अस्वस्थता. लक्षणे पाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात यावीत, रक्तस्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरावीत आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळपास नाहीशी व्हावीत. गेल्या वर्षातल्या बहुतेक पाळ्यांत असेच घडलेले असावे आणि त्यातून काम किंवा नाती खरोखर बिघडलेली असावीत. नुसते पोट फुगणे आणि स्तन दुखणे कितीही तीव्र असले तरी ते पीएमडीडी नव्हे.

हे निकष पाठ असूनही निदान चुकते, कारण ते रुग्णाच्या आठवणीवरून केले जाते. वाईट गेलेला आठवडा लक्षात राहतो, बरे गेलेले दिवस विसरले जातात. म्हणूनच डीएसएम-५ दोन पाळ्यांची रोजची नोंद मागते आणि ती होईपर्यंत निदान तात्पुरते मानायला सांगते. भारतातल्या पाहण्यांचा २०२१ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पीएमएस ४३ टक्के आणि पीएमडीडी ८ टक्के असे आकडे आले. अशा पाहण्या बहुधा एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उभ्या असतात, त्यामुळे हा ८ टक्क्यांचा आकडा आपल्या दवाखान्याला जसाच्या तसा लावू नये.

नोंदीसाठी जीन एंडिकॉट आणि सहकाऱ्यांचा डीआरएसपी तक्ता वापरावा, किंवा साध्या वहीत तोच क्रम आखून द्यावा. रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक लक्षणाला १ ते ६ गुण द्यायचे: १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अतितीव्र. रक्तस्रावाचा पहिला दिवस तो दिवस १. एक अडचण नेहमी येते. तक्ता भेटीच्या आदल्या रात्री एकदम भरला जातो. सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच दाबाने लिहिलेले आणि सलग सात दिवस ५, ५, ५ असे दिसले की ते ओळखावे. दर रविवारी पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितले तर हे बरेचसे टळते.

आता वाचन. पाळीआधीचे सात दिवस एका बाजूला ठेवावेत आणि दिवस ४ ते १० दुसऱ्या बाजूला. पाळीआधीच्या आठवड्यात एखादे लक्षण किमान दोन दिवस ४ किंवा त्याहून वर गेले आहे का? पाळीनंतरच्या आठवड्यात तेच लक्षण एकदाही ३ च्या वर गेले नाही ना? आमच्या मुलुंडच्या उदाहरणात संताप पाळीआधी ५, ५, ६, ५ असा आहे, तिसऱ्या दिवशी २ आणि पाचव्यापासून बाराव्यापर्यंत १. रडू, झोप, एकाग्रता आणि 'सगळे हाताबाहेर जातेय' ही भावना यांचाही आलेख असाच. दुसऱ्या पाळीतही तेच. हे पीएमडीडी आहे.

आता बोरिवलीची दुसरी स्त्री घ्या. तक्रारीचे शब्द तंतोतंत तेच, पाळीआधीचे आकडेही ५ आणि ६. पण दिवस ४ ते १० मध्ये खिन्नता ३, ४, ४ अशी रेंगाळलेली आहे. तिला महिनाभर नैराश्य असते आणि पाळीआधी ते उसळते. ही मूळ आजाराची पाळीपूर्व वाढ झाली, आणि तिथे उपचार मूळ आजाराचा करायचा असतो, महिनाभर. तिला फक्त चौदा दिवसांची गोळी दिली तर उरलेले चौदा दिवस ती उपचाराविना काढेल. 'पाळीचा त्रास' म्हणून पाठवलेल्या रुग्णांमध्ये असा गट मोठा असतो. द्विध्रुवी विकार असलेलीही याच दारातून आत येते, म्हणून उत्साहाच्या, कमी झोपेच्या आणि उधळपट्टीच्या दिवसांबद्दल न विसरता विचारावे. अशा रुग्णाला नुसते नैराश्यविरोधी औषध देणे घातक ठरू शकते.

नोंद चालू असताना हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासणे योग्य आहे. प्रोजेस्टेरॉन, एलएच, एफएसएच यांचा महागडा संच मात्र करू नये. त्याचे कारण १९९८ साली पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केलेल्या प्रयोगात आहे. त्यांनी ल्युप्रोलाइड देऊन अंडाशयाचे काम थांबवले तेव्हा पाळीपूर्व त्रास असलेल्या अनेकजणी सुधारल्या. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिले, तशी लक्षणे परतली. त्रास नसलेल्या स्त्रियांना तेच दिले तर मनोवस्थेत काहीही बदल झाला नाही. म्हणजे संप्रेरकांचे प्रमाण नेहमीचेच असते, त्यांच्या चढउताराला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगणे त्यामुळेच चूक आहे, आणि नसलेली कमतरता भरून काढायला प्रोजेस्टेरॉन देणेही. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात प्रोजेस्टेरॉनचा उपयोग सिद्ध झाला नव्हता, तरी आपल्याकडे ती चिठ्ठी अजून लिहिली जाते.

पीएमडीडीचे पहिले औषध एसएसआरआय. नैराश्यात त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे तो काही दिवसांत दिसतो, म्हणून महिन्यातला अर्धा काळ गोळी देणे शक्य होते. मुलुंडच्या स्त्रीची पाळी २८ दिवसांची आणि नियमित. तिला चौदाव्या दिवसापासून सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅम रोज, रक्तस्राव सुरू होईपर्यंत. पुरले नाही तर पुढच्या पाळीत पहिले तीन दिवस ५० आणि मग १००. फ्लुओक्सेटीन २० मिलिग्रॅम हाही तितकाच रुळलेला पर्याय आहे. 'चौदावा दिवस' हे मात्र सर्वांना लागू होणारे सूत्र नाही. पाळी ३५ दिवसांची असेल तर गोळी एकविसाव्या दिवशी सुरू करायची, कारण मोजायचे असते पुढच्या अपेक्षित तारखेपासून मागे. पाळी अनियमित असेल तर ही मोजदाद सोडून रोजचीच गोळी द्यावी. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार रोजची पद्धत अर्ध्या महिन्याच्या पद्धतीपेक्षा बहुधा अधिक गुणकारी आहे, त्यामुळे त्रास फार तीव्र असेल तर सुरुवातही तिथूनच करता येते. मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणे हे पहिल्या काही दिवसांत होते, याची कल्पना आधी द्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळी बंद होते. कामेच्छा कमी होण्याबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाही, आपण विचारावे. पंचविशीच्या आतल्या मुलींना सुरुवातीचे आठवडे जवळून पाहावे.

गर्भनिरोधनही हवे असेल तर ड्रोस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिओल २० मायक्रोग्रॅम, २४ दिवस गोळी आणि ४ दिवस खंड, हा पर्याय आहे. त्याआधी रक्तदाब मोजावा. ऑरासह अर्धशिशी, रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास, पस्तिशीनंतरचे धूम्रपान यांपैकी काही असेल तर ही गोळी नको. या दोन्हींनी गुण आला नाही तर ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने, तीही हाडांच्या रक्षणासाठी संप्रेरके जोडून आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. अल्प्राझोलामची सवय लागते, पहिल्या चिठ्ठीत त्याला जागा नाही.

आणि जिचे आकडे २ ते ३ मध्येच राहतात, काम चालू असते, दोन दिवस पोट फुगते, तिला पीएमएस आहे. तिला यातले काहीच नको. कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम रोज याला १९९८ च्या मोठ्या चाचणीचा आधार आहे. त्याच्या जोडीला नियमित चालणे आणि झोप. बी-६ द्यायचेच तर १०० मिलिग्रॅमच्या वर नको, जास्त डोस महिनोन्महिने चालला तर नसांना इजा होते.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे घराचे लक्ष रक्तस्रावाच्या दिवसांकडे असते. मुंबईतल्या कल्चर मशीन या कंपनीने २०१७ मध्ये रजा दिली, तीही पाळीच्या पहिल्या दिवसाची. पीएमडीडी असलेल्या स्त्रीचे वाईट दिवस तोवर संपत आलेले असतात. नवऱ्याला कॅलेंडरवर आधीचा आठवडा दाखवावा, मोठे निर्णय आणि भांडणाचे विषय त्या आठवड्याबाहेर ठेवायला सांगावे. पण पहिली दहा मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलावे.

त्या दहा मिनिटांत एक प्रश्न सरळ विचारायचा: "या दिवसांत जगू नये असे वाटते का?" पीएमडीडीत आत्महत्येचा प्रयत्न होण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो, आणि पाळी आल्यावर विचार मावळतो म्हणून ती तो नंतर सांगत नाही. उत्तर 'हो' असेल आणि मनात काही बेत ठरलेला असेल, तर दोन पाळ्यांच्या नोंदीसाठी थांबू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, घरातल्या एकाला सोबत द्यावे, औषधांचा साठा तिच्या हातून काढून ठेवायला सांगावा आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. नोंद मागाहून होत राहील.

मुलुंडच्या स्त्रीचा संताप तिसऱ्या पाळीत २ ते ३ वर उतरलेला असला, तर डोस तोच ठेवावा आणि तक्ता चालू ठेवावा. गोळी किती काळ घ्यायची याला ठरीव मुदत नाही. बंद केल्यावर अनेकजणींचा त्रास परततो, हे आधीच सांगावे. मूल हवे असेल तर पॅरॉक्सेटीन टाळावे, आणि गोळी बंद करायची की चालू ठेवायची हे दिवस राहण्यापूर्वीच, तिच्यासोबत बसून, तिचे जुने तक्ते समोर ठेवून ठरवावे.