गोळी एकाला, जंत घरभर

शाळेत जंतनाशक दिन झाला, मुलाने वर्गात सर्वांसोबत गोळी चघळली आणि दीड-दोन महिन्यांत तो पुन्हा रात्री शौचाच्या जागी खाजवू लागला. ही तक्रार आम्हा डॉक्टरांना बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. त्यावर पालकांनी काढलेले निष्कर्षही ठरलेले असतात. कुणी म्हणते सरकारी गोळीत दम नाही, कुणी म्हणते पोरगा गोड फार खातो. दोन्ही खरे नाही. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत आणि गोळीही चांगलीच असते. चूक होते ती गोळी एकट्या मुलाला आणि एकदाच देण्यात.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. या कार्यक्रमाचा रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर आहे. हे जंत शरीरातले रक्त आणि पोषण खातात, म्हणून कार्यक्रम गरजेचाच आहे. पण त्या जंतांची अंडी एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाहीत. त्यांना आधी मातीत काही काळ काढावा लागतो.

रात्रीची खाज आणणारा जंत वेगळा. पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखा दिसणारा, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा हा पिनवर्म. त्याला माती लागत नाही. त्याची मादी मूल झोपल्यावर आतड्यातून बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर हजारो अंडी घालते. खाज सुटते ती यामुळे. मूल झोपेतच खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी बोट तोंडात गेले की पुन्हा पोटात. ही अंडी चार ते सहा तासांतच दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात. चादर, उशी, चड्डी, दाराची कडी अशा ठिकाणी ती दोन-तीन आठवडेही टिकू शकतात. एकाच गादीवर तिघे झोपणाऱ्या घरात पुढे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

अंडी आतड्यात न घालता बाहेरच्या कातडीवर घातली जातात, म्हणून शौचाच्या तपासणीत ती बहुतेक वेळा सापडत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून पालक निर्धास्त होतात, तिथेच घोटाळा होतो. यासाठीची योग्य तपासणी अगदी साधी आहे. मूल उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी आणि अंग धुण्याआधी पारदर्शक सेलोटेपचा छोटा तुकडा घ्यायचा. त्याची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर हलके दाबायची आणि तीच बाजू प्रयोगशाळेतून आणलेल्या काचपट्टीवर चिकटवायची. टेप दुधी नको, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून काही दिसत नाही. नंतर हात साबणाने धुवायचे. मादी रोज रात्री बाहेर येईलच असे नाही, त्यामुळे एका सकाळच्या तपासणीत सुमारे निम्म्याच मुलांचे निदान होते. सलग तीन सकाळी केली, तर दहापैकी नऊ सापडतात. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन पाहिले, तर कधी कधी पांढरे हलणारे धागेच दिसतात. मग टेपचीही गरज नाही.

ओळख लपवण्यापुरता तपशील बदलून एका घराचे उदाहरण देतो. सिडकोचे वन-रूम-किचन, आई-वडील, आजी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मुलाला वर्षभरात तीन वेळा जंताची गोळी दिली होती. प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटे आणि महिना-दीड महिन्याने खाज परत येई. शौचाचा रिपोर्ट दोनदा नॉर्मल. मुलीची तक्रार वेगळीच, लघवीच्या जागी खाज आणि आग. तिच्या लघवीच्या तपासण्या झाल्या, मलमे झाली. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, असे कुणाला वाटले नव्हते. सेलोटेपची तपासणी केली. मुलाच्या दुसऱ्या दिवशीच्या काचेवर अंडी दिसली, मुलीच्या पहिल्याच दिवशीच्या. मुलींमध्ये हा जंत भरकटून पुढच्या बाजूला जातो आणि तिथे दाह होतो. पाचही जणांनी एकाच शनिवारी रात्री गोळी घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा शनिवारीच घेतली. दोन्ही मुलांची खाज थांबली.

‘मला काही त्रास नाही, मी कशाला घेऊ?’ असे आजीने विचारलेच होते. प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या माणसांत हा जंत अनेकदा कसलीही खाज न आणता राहतो आणि त्यांच्याच हातून पोळी-भाजीपर्यंत पोहोचतो. पाच जणांची तीन-तीन सकाळी तपासणी म्हणजे पंधरा काचपट्ट्या. त्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित गोळी सर्वांनी घेणे शहाणपणाचे. दुसरा डोस का, याचे उत्तरही सोपे आहे. औषध जिवंत जंत मारते, अंडी नाही. पहिल्या डोसनंतर अंड्यांतून जे नवे जंत वाढतात, ते पुन्हा अंडी घालण्याआधी दुसऱ्या डोसने मारायचे.

मोठ्यांना आणि दोन वर्षांवरील मुलांना डोस ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मा. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, बाळ वर्षाच्या आतले असेल, यकृताचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये. गोळीच्या दुसऱ्या सकाळी सर्वांच्या चड्ड्या आणि चादरी न झटकता गरम पाण्यात टाकाव्यात. झटकल्या की अंडी उडतात. नखे कापावीत आणि दोन आठवडे मुलांना सकाळी उठल्यावर लगेच आंघोळ घालावी. घरातल्या कुत्र्या-मांजराला दोष देऊ नये, हा जंत माणसाचाच आहे.

आता थोडे आमच्या व्यवस्थेविषयी. सरकारी दवाखान्यात औषध केसपेपरवरच्या नावाला मिळते. पेपर मुलाचा, तर गोळीही मुलालाच. उरलेल्या चौघांनी चार केसपेपर काढावेत आणि दोन आठवड्यांनी तीच रांग पुन्हा लावावी, हे रोजंदारी बुडवून कोण करणार? माझे मत असे की निदान झालेल्या मुलाच्या पेपरवरच डॉक्टरांनी घरातल्या सर्वांचे वय लिहून दोन्ही वेळच्या गोळ्या लिहाव्यात आणि औषध खिडकीने त्या एकदम द्याव्यात. आज आपण एकाच मुलावर वर्षात तीन-चार वेळा गोळ्या, शौच-लघवीच्या तपासण्या आणि मलमे खर्च करतो. त्यापुढे पाच माणसांच्या दहा गोळ्या महाग नाहीत.

शाळांनीही अशा मुलाला घरी बसवू नये, त्याचे नाव वर्गात घेऊ नये. हा आजार घाणेरड्या घरांचा नाही, टापटीप घरांतही तो होतो. लाजेपोटी आई गप्प राहिली, तर शेजारच्या बाकावरचे मूलही रात्री जागे राहते. जंतनाशक दिनाच्या सूचनेखाली शाळेने दोनच ओळी छापाव्यात: ‘मूल रात्री शौचाच्या जागी खाजवत असेल, तर ही एक गोळी पुरेशी नाही. घरातल्या सर्वांच्या औषधासाठी दवाखान्यात या.’