‘patra nahi’ म्हणजे नक्की काय नाही?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विरोधकांशी नाही, बाहेरच्यांशी नाही. आपल्याच सोसायटीच्या, मंडळाच्या आणि पक्षाच्या त्या सगळ्या लोकांशी, जे मराठी सूचना इंग्रजी अक्षरांत टाइप करून ग्रुपवर सोडतात आणि ‘कळवलं’ म्हणून मोकळे होतात.

आधी घडलेलं सांगतो. भांडुप आणि मुलुंडच्या मधली एक वस्ती. नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून तिथेच राहायचं आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना लागलेली, समिती झालेली, समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. एका संध्याकाळी त्यावर मेसेज आला:

```
yadi lagli ahe. room 41 te 58 patra nahi.
baki sarvani karar sathi yave
```

शेहेचाळीस नंबरच्या खोलीत एक काकू राहतात, वय सत्तरच्या आसपास. फोन मुलीचा. मुलीने वाचून दाखवलं, “आई, आपल्या खोल्यांचं पत्र नाही अजून.” काकू म्हणाल्या, “येईल तेव्हा येईल, आपला नंबर कायम मागेच असतो.” आणि दोघी पत्राची वाट बघत बसल्या.

मेसेज लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ‘पात्र नाही’.

पुनर्वसनात राहिलेल्यांना या दोन शब्दांतलं अंतर सांगायला नको. परिशिष्ट-२ नावाची जी यादी लागते, तिच्यात तुमच्या नावापुढे पात्र की अपात्र, एवढ्यावर घर ठरतं. १ जानेवारी २००० च्या आधीपासून तुम्ही तिथे राहता याचा कागद असेल तर घर फुकट, नसेल तर पुढचे सगळे फेरे सुरू. आणि अपात्र आलात तर हरकत घ्यायला ठरावीक दिवस असतात. पत्राची वाट बघायला दिवस कितीही असतात. हरकतीला नसतात.

तीन आठवड्यांनी शेजारच्या गल्लीतला एक मुलगा कार्यालयातल्या फलकावरची यादी फोनमध्ये फोटो काढून घेऊन आला, तेव्हा काकूंना कळलं. हरकतीची मुदत गेलेली. गंमत बघा, काकूंच्या पत्र्याच्या पेटीत १९९८ चं विजेचं बिल होतं. कागद होता, वेळ होती, फक्त शब्द पोचला नाही. आता अपील, वकिलाची फी आणि सुनावणीच्या तारखा. मी समितीच्या माणसाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मी तर स्पष्ट लिहिलं होतं. पुरावा आहे ग्रुपवर.”

तो खोटं बोलत नव्हता, हीच खरी अडचण आहे. त्याने ‘पात्र’ लिहिलं होतं. मुलीने ‘पत्र’ वाचलं. दोघंही बरोबर, कारण patra ही अक्षरं दोन्ही शब्दांना सारखीच लागू पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर असता तर आणखी कुणी ‘पत्रा नाही’ असंही वाचलं असतं आणि ताडपत्री शोधायला गेला असता.

आता हे का होतं ते नीट बघू. इंग्रजी a हा आपल्याकडे अ पण असतो आणि आ पण. l म्हणजे ल आणि ळ. t म्हणजे त आणि ट. d म्हणजे द आणि ड. n म्हणजे न आणि ण. आपल्या भाषेत या जोड्यांवर अर्थ उभा असतो आणि घाईने टाइप करताना आपण त्या सरळ एकमेकींत कालवून टाकतो. kal लिहा. a चे दोन पर्याय, l चे दोन पर्याय, दोन गुणिले दोन चार: कल, काल, कळ, काळ. चारही चालू मराठी शब्द. pat लिहा: पत, पात, पट, पाट. पुन्हा चारही खरे. त्यात आपण उपनगरातले लोक, अर्धं बोलणं हिंदीत. मग kal हा हिंदीतला ‘कल’सुद्धा असू शकतो, म्हणजे उद्या. ‘kal pani nahi’ हा मेसेज घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत आला, तर मराठी घरात तो कालची तक्रार असतो आणि शेजारच्या गुजराती घरात उद्याची सूचना. एक घर बादल्या भरतं, दुसरं नाही.

माझ्याकडे बातमीसाठी येणाऱ्या प्रेस नोटांचीही हीच कथा. ‘sahebanchya vadhdivasanimitta raktadan’. आता हा वाढदिवस की वधदिवस, हे साहेबांच्या कार्यकर्त्याला माहीत, मला अंदाज. इथे हसून सोडून देता येतं. पण नोटेत सत्कारमूर्ती ‘Kale’ असेल तर मी काळे छापू की काले? ‘Bane’ असेल तर बने की बाणे? फोन करून विचारावं लागतं. मी विचारतो. यंत्र विचारत नाही. इंग्रजीत भरलेल्या नावाचं मराठी जेव्हा मशीन आपोआप करतं, तेव्हा साठ्यांचे ‘साथे’ आणि राण्यांचे ‘राने’ होतात. मग एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, आणि ‘दोन्ही मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं आपण.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “संदर्भावरून कळतं हो.” कळतं. गप्पांमध्ये कळतं. ‘jevlis ka’ वाचून कुणी गोंधळत नाही, आणि मित्रांत काय कसं लिहायचं हे सांगायला मी आलेलो नाही. पण सूचना ही गप्पा नसते. सूचनेत शब्द कमी असतात, मागचं-पुढचं कापलेलं असतं आणि वाचणारा समोर नसतो. त्या मेसेजमध्ये संदर्भ कुठे होता? ‘यादी’ होती, पण यादी पत्रांचीही असू शकते. व्याकरणाने थोडी मदत केली असती. खोल्या अठरा, म्हणजे शुद्ध लिहिणारा ‘पात्र नाहीत’ म्हणाला असता, nahit. पत्रं असती तर ‘पत्रे नाहीत’, patre nahit. पण टाइप करताना आपण तो शेवटचा t पण खातो. एकदा अक्षरं कालवली की मग व्याकरणावर विसंबायचं, आणि व्याकरणही घाईत खायचं, मग वाचणाऱ्याने करायचं काय?

दुसरं उत्तर: “मराठी टायपिंग अवघड आहे.” एके काळी ते खरं होतं. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची आणि देवनागरी फक्त ७०. म्हणजे एकाच सूचनेला दोन-तीन मेसेजचे पैसे. बऱ्याच फोनवर तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा लोकांनी इंग्रजी अक्षरं धरली, त्यांना दोष नाही. पण आज व्हॉट्सअॅपवर अक्षरांचे पैसे पडत नाहीत. आणि मोजायचंच असेल तर मोजा: प, काना, त, पायमोड, र. फोनच्या हिशेबात ‘पात्र’ पाच, patra पण पाच. वाचवलं काय? कीबोर्डवर patra टाइप केलं की वर पत्र, पात्र, पत्रा असे शब्द सुचवले जातात, त्यातला बरोबर शब्द बोटाने निवडायचा. ते निवडणं हेच तर लिहिणाऱ्याचं काम आहे. आपण ते काम वाचणाऱ्यावर ढकलतो, आणि ग्रुपमध्ये दोनशे जण असतील तर दोनशे वेळा ढकलतो.

तिसरे लोक म्हणतात, रोमनमध्ये मराठी नीट लिहिताच येत नाही. तेही खरं नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, रोमन अक्षरांत, कारण तिथल्या छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते. पण त्या माणसाने ळ साठी l दोनदा घातला, ठ साठी t वाढवला. ‘मराठी’ हा शब्द तिथे maratthy असा आहे. परक्या भाषेतून आलेल्या माणसाला ल आणि ळ वेगळे आहेत हे चारशे वर्षांपूर्वी कळलं, आणि त्याने त्यावर उपाय काढला. त्याच्याकडे खिळे नव्हते. आपल्या खिशात अख्खी देवनागरी आहे.

आणि याच आपण पाट्यांसाठी केवढी लढाई केली! २०२२ मध्ये कायदा बदलून छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांवर देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. व्यापारी कोर्टात गेले. २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. आपण फटाके वाजवले, योग्यच केलं. पण दुकानाची पाटी कुणाला वाचता आली नाही तर तो फार तर बाजूच्या दुकानात जातो. समितीची सूचना वाचता आली नाही तर घर जातं. पाटीसाठी आंदोलन करणारा कार्यकर्ता त्याच आंदोलनाचं निमंत्रण ‘sarvani vel var yave’ असं पाठवतो. वेळेवर की वेलीवर, देव जाणे.

माझी मागणी मोठी नाही. ज्या मेसेजवर पैसा, पाणी, घर, तारीख किंवा कुणाचं नाव अवलंबून आहे, तो देवनागरीत लिहा. टाइप जमत नसेल तर कागदावर हाताने लिहून फोटो टाका, तेही चालेल. अगदीच नाइलाज असेल तर आ ला aa लिहा: paatra आणि patra यांत एका अक्षराचा फरक आहे आणि त्या एका अक्षराने काकूंची मुदत वाचली असती. आणि ग्रुपवर ‘कळवलं होतं’ हे उत्तर यापुढे कुणाकडून ऐकून घेऊ नका. कळवणं म्हणजे समोरच्याला कळणं.

वाचणाऱ्यांनाही एक विनंती. यादी, करार, मुदत असे शब्द दिसले आणि मधला एखादा शब्द दोन तऱ्हांनी वाचता आला, तर अंदाज बांधू नका. त्याच दिवशी ग्रुपवर उलट विचारा: “पत्र की पात्र?” लाज वाटायचं कारण नाही. लाज लिहिणाऱ्याला वाटली पाहिजे.

काकूंची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. या वेळी तारखेचा कागद मी स्वतः वाचून आलोय, तो देवनागरीत आहे. पोस्ट तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका, आणि सेक्रेटरींना जरूर वाचायला लावा.