दारावर आलेले नऊ प्रश्न

आशाताई घरी येतात. तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, घरात कुणाला साखर आहे का, असं विचारत विचारत त्या शेवटाकडे येतात आणि दोन वेगळे प्रश्न काढतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? मन उदास, निराश होतं, असं किती दिवस झालं?

या दोन प्रश्नांचा एक मोठा भाऊ आहे. त्यात नऊ प्रश्न असतात. त्याचं नाव पीएचक्यू-९. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तो २००१ साली छापला. आज गावोगावच्या, कॉलेजांतल्या, कंपन्यांतल्या सर्वेक्षणांत तो वापरला जातो. कधी मोबाईलवर येतो, कधी कागदावर. उद्या तुमच्याही दारी येईल. म्हणून थोडं सांगून ठेवते. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आधी उत्तरं कशी द्यायची ते बघू.

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं असतात. अजिबात नाही, याला शून्य गुण. काही दिवस, याला एक. अर्ध्याहून जास्त दिवस, याला दोन. जवळजवळ रोज, याला तीन. सगळ्यांची बेरीज शून्य ते २७ यांच्यामध्ये कुठेतरी येते. १० किंवा त्याहून जास्त आली, की बहुतेक सर्वेक्षणांत तुमच्या नावापुढे खूण होते.

प्रश्न फक्त गेल्या दोन आठवड्यांचा असतो. मुलीच्या लग्नानंतरचं वर्ष कसं गेलं, हे कुणी विचारलेलं नाही. कॅलेंडर समोर घ्या. चौदा दिवस मोजा. ‘अर्ध्याहून जास्त’ म्हणजे आठ किंवा त्याहून जास्त दिवस. आपण बोलताना सहज ‘रोजच होतं बाई’ म्हणून जातो. त्या ‘रोजच’चे तीन गुण पडतात.

दुसरं, एकट्याने उत्तर द्या. ओसरीवर सासूबाई, दीर, शेजारीण सगळे बसलेले असताना ‘स्वतःबद्दल वाईट वाटतं का’ याचं उत्तर ‘नाही’ हेच येणार. मी असे कितीतरी कागद पाहिले आहेत, वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. त्यातली सगळी माणसं सुखी होती, असं मला कधी वाटलं नाही. ‘जरा आत बसून बोलू या का?’ असं तुम्हीच विचारा. आशाताईंनाही ते हवंच असतं.

तिसरं, शब्द कळला नाही तर थांबवा. आपल्याकडे ‘मी उदास आहे’ असं फार कुणी म्हणत नाही. मन लागत नाही म्हणतात, जीव नकोसा झालाय म्हणतात, डोकं जड आहे म्हणतात. तुमचं जे असेल ते तुमच्या शब्दांत सांगा.

आता बेरजेकडे या. इथेच जास्त घोळ होतो. एका घरातल्या दोन जावांचं उदाहरण घेऊ. घर मी रचलेलं आहे, पण अशी घरं तुमच्या ओळखीची असतील.

थोरली जाऊ. थंडीचे दिवस, शेताची वीज रात्रीची, गव्हाला पाणी द्यायला नवऱ्याबरोबर तीही जाते. झोप बिघडली, जवळजवळ रोज: तीन. थकवा, रोज: तीन. जेवण वेळेवर नाही, भूक मेली, अर्ध्याहून जास्त दिवस: दोन. लक्ष लागत नाही, काही दिवस: एक. हालचाल मंदावली, काही दिवस: एक. बेरीज १०. खूण झाली. पण पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे रस वाटतो का आणि मन उदास आहे का, तिचं उत्तर शून्य आहे. नातवंड आलं की ती खुलते. डॉक्टर नैराश्याचं निदान करतात तेव्हा या दोनपैकी एक तरी गोष्ट जवळजवळ रोज असावी लागते. थोरलीला ते लागू होत नाही. तिला झोप हवी आहे. थकवा टिकला तर रक्त कमी आहे का, थायरॉईड बिघडलंय का, हे तपासायला हवं.

धाकटी जाऊ. जेवते, वेळेवर पडते, काम करते. कशातच रस नाही, रोज: तीन. मन उदास, रोज: तीन. आपण कुचकामी आहोत, घरच्यांना आपलं ओझं आहे, अर्ध्याहून जास्त दिवस: दोन. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का, काही दिवस: एक. बेरीज ९. खूण नाही. यादीत नाव नाही.

दोघींपैकी आधी कुणाकडे बसायला हवं, हे तुम्हाला कागदाशिवायही कळलं असेल. म्हणून बेरीज ऐकून घाबरू नका आणि बेरीज कमी आली म्हणून निश्चिंतही होऊ नका. कोणत्या प्रश्नाला किती गुण पडले, ते विचारून घ्या. तुमचाच कागद आहे. १० किंवा जास्त असेल तर तो घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर समोर बसवून विचारतील: कधीपासून आहे, कुणी गेलंय का घरातलं, कोणती औषधं चालू आहेत, दारू आहे का, कामं अडतात का. निदान त्या बोलण्यातून होतं.

नवव्या प्रश्नाचं मात्र वेगळं आहे. तिथे शून्याच्या वर काहीही आलं, तर बेरजेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी त्या माणसाजवळ बसा. नीट, सरळ विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. घरातलं फवारणीचं औषध कुलपात टाका किंवा दुसरीकडे हलवा. माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही सर्वेक्षण करणारे असाल, तर हा प्रश्न विचारून, उत्तर लिहून, पुढच्या घरी निघून जाऊ नका. तसं होताना मी पाहिलं आहे. ते मला अजून बोचतं.

आता वर्तमानपत्राकडे वळू. ‘तालुक्यात दर पाचवी व्यक्ती नैराश्यग्रस्त’ असा मथळा तुम्ही वाचला असेल. असा आकडा कसा तयार होतो ते बघा.

हजार प्रौढ माणसांचं गाव धरा. त्यात खरोखर नैराश्य असलेली ५० आहेत, बाकी ९५० ठीक आहेत. आता या नऊ प्रश्नांची चाळण लावा. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं आहे, की १० ची खूण धरली तर ही चाळण १०० आजारी माणसांतली साधारण ८८ पकडते. आणि १०० ठीक माणसांतल्या साधारण ८५ जणांना सोडून देते. ऐकायला छान वाटतं. पण गावात हिशेब करा. ५० आजाऱ्यांतले ४४ सापडले. ९५० ठीक माणसांतल्या दर शंभरी १५ जणांवर चुकून खूण झाली, म्हणजे सुमारे १४३ जणांवर. एकूण खुणा १८७. बातमी आली: गावात जवळजवळ १९ टक्के नैराश्य. प्रत्यक्षात होतं पाच टक्के. आणि खूण झालेल्या दर चारांतला सुमारे एकच आजारी.

यात कुणी खोटं बोललेलं नाही. ठीक माणसं फार जास्त असतात, म्हणून त्यांच्यातली थोडी चूकसुद्धा ढीगभर होते. ज्वारी चाळली की खडेही थोडे खाली येतातच. मग सुपात घेऊन हाताने निवडावं लागतं. चाळलेलंच वजन करून ‘एवढी ज्वारी झाली’ म्हणायचं नसतं.

कुणी म्हणेल, चूक माहीत आहे तर वजा करा. करतात तसं. पण बघा, ८५ ऐवजी ८१ जणच नीट सुटत असतील, तर हजार माणसांच्या गावात एकही आजारी नसला तरी १९० खुणा होतील. म्हणजे आपल्या १८७ पेक्षाही जास्त. चाळणीत चार-पाच दाण्यांचा फरक, आणि सगळा आकडा हवेत. आणि हा फरक गावागणिक बदलतो. भाषा बदलली, हंगाम बदलला, विचारणारा बदलला, की बदलतो.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०२० साली संशोधकांनी ४४ अभ्यासांतली नऊ हजारांवर माणसं एकत्र तपासली. प्रत्येकाची प्रश्नावलीही भरली होती आणि सविस्तर मुलाखतही झाली होती. प्रश्नावलीने २४.६ टक्के लोकांना नैराश्य दाखवलं. मुलाखतीने १२.१ टक्के. खूण १० वरून १४ वर नेली तर सरासरी जवळ आली, पण एकेका अभ्यासात आकडा कधी फार वर, कधी फार खाली जातच राहिला.

आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यांनी ठरावीक प्रश्नांची मुलाखत घेतली. चालू नैराश्य निघालं २.७ टक्के. मुलाखतीतही लोक लपवतात, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. पण ‘दर पाचवा’ आणि ‘शंभरात तीन’ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून देश इतक्या वर्षांत बिघडला किंवा सुधारला, असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवू नका. दोघांची मापंच वेगळी आहेत.

मग सर्वेक्षणं फुकट आहेत का? मी तसं म्हणणार नाही. त्याच प्रश्नांनी, त्याच पद्धतीने, त्याच गावात पुन्हा विचारलं, तर वाढ-घट थोडीफार कळते. कुठे आधी माणूस पाठवायचा ते कळतं. आणि कुणीतरी कधीच न विचारलेला प्रश्न एकदा विचारला जातो. धाकटीसारखीला त्यानेच बोलायला तोंड मिळतं.

पुढच्या वेळी असा मथळा दिसला, किंवा ग्रामसभेत कुणी आकडा वाचला, तर उभे राहून दोन गोष्टी विचारा. हे नुसत्या प्रश्नावलीवरून काढलंय की खूण झालेल्यांशी डॉक्टर बोलले? आणि ज्यांच्या नावापुढे खूण झाली, त्यांच्या घरी नंतर कोण गेलं?