गुरुवारचा पेपर, गुरुवारचीच मुलाखत

कळंबच्या एका मुलीला पुण्यातल्या कंपनीने गुरुवारी अकराला मुलाखतीला बोलावलं आणि नेमका त्याच सकाळी धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्रात तिचा पेपर. बोलावणं आलं त्याच संध्याकाळी तिने मेल टाकला: ‘निवडीबद्दल आभार. त्या वेळी माझी परीक्षा आहे, हॉलतिकीट जोडलं आहे. शुक्रवारी दुपारी दोननंतर किंवा शनिवारी दहा ते एक येऊ शकेन. दोन्ही अडचणीचं असल्यास व्हिडिओ कॉललाही तयार आहे.’ गुरुवारची संध्याकाळ तिने मुद्दामच दिली नाही. पेपर सुटल्यावर एसटीने पुणं गाठेपर्यंत रात्र होते. ‘आपल्या सोयीने कधीही’ हे लिहायला गोड, पण त्याने वेळ शोधायचं काम पुन्हा समोरच्याच्याच गळ्यात पडतं. यूपीएससीकडे मात्र अशी वेळ बदलून मिळेल असं गृहीत धरू नये. मुलाखतीची तारीख बदलण्याची विनंती तिथे सहसा मान्य होत नाही.