उंचीचा ८० टक्के वारसा: आक्षेप आणि पुरावा

माणसांच्या उंचीत जी तफावत दिसते तिचा सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक असतो, हे विधान पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकून आहे. त्यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. काहींच्या मते जुळ्यांच्या अभ्यासाचा पायाच कच्चा आहे, त्यामुळे हा आकडा फेकून द्यावा. दुसरे काहीजण आकडा मान्य करतात आणि त्यातून उंची जन्मतःच ठरलेली असते, खाण्यापिण्याने फारसे काही होत नाही, असा निष्कर्ष काढतात. पहिला आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही आणि दुसरा निष्कर्ष त्या आकड्यातून निघतच नाही.

आधी रीत पाहू. एकबीज जुळी एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात, म्हणून त्यांची जनुके जवळपास सारखीच असतात. द्विबीज जुळी दोन वेगळ्या बीजांपासून होतात. माणसामाणसांत जी जनुके वेगळी असतात त्यांपैकी सरासरी निम्मी त्यांच्यात सारखी असतात, म्हणजे कोणत्याही सख्ख्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच गर्भाशयात, एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. त्यामुळे एकबीज जोड्यांमधले साम्य द्विबीज जोड्यांपेक्षा जितके जास्त, तितके ते जनुकांच्या उरलेल्या निम्म्या साम्यामुळे आले असे मानता येते. हा फरक दुप्पट केला की पूर्ण आनुवंशिक वाटा मिळतो.

उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. प्रौढांच्या उंचीचा सहसंबंध गुणांक एकबीज जोड्यांत ०.९० आणि द्विबीज जोड्यांत ०.५० आला, तर फरक ०.४० होतो आणि त्याची दुप्पट ०.८०. हा आनुवंशिक वाटा. एकबीज जुळ्यांचे साम्य ०.९० आहे आणि त्यातले ०.८० जनुकांचे, म्हणून उरलेले ०.१० सामाईक परिस्थितीचे, म्हणजे घर, आहार, आईबापांची ऐपत यांचे. ०.९० ते १ या दरम्यान जी तूट राहते ती प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांची: एकालाच झालेला आजार, गर्भातली जागा, आणि मोजमापातली चूकसुद्धा. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. जोडीतल्या एकाला सकाळी आणि दुसऱ्याला संध्याकाळी मोजले तर तोही फरक याच खात्यात जमा होतो.

आता आक्षेप. एकबीज जुळ्यांना आईबाप सारखेच कपडे घालतात, सारखेच वाढतात, लोक त्यांना एकच समजतात. मग त्यांचे जास्तीचे साम्य जनुकांचे कशावरून? ते सारख्या वागणुकीचे असू शकेल. आक्षेप रास्त आहे आणि तपासण्याजोगाही आहे, कारण लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेली एकबीज जुळी सापडतात. शिकागो विद्यापीठातल्या न्यूमन, फ्रीमन आणि होल्झिंगर यांनी १९३७ मध्ये अशा १९ जोड्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. एकत्र वाढलेल्या एकबीज जोडीत उंचीचा सरासरी फरक १.७ सेंटिमीटर होता, वेगळ्या वाढलेल्या एकबीज जोडीत १.८, आणि एकत्र वाढलेल्या द्विबीज जोडीत ४.४. घर बदलल्याने फरक एका मिलिमीटरने वाढला. जनुकांचे साम्य निम्म्यावर आल्यावर तो अडीचपट झाला.

याच तक्त्यात वजनाची ओळ आहे आणि ती उंचीच्या ओळीइतकीच मोलाची आहे. एकत्र वाढलेल्या एकबीज जोडीत वजनाचा सरासरी फरक ४.१ पौंड होता, वेगळ्या वाढलेल्या जोडीत ९.९ पौंड, म्हणजे जवळपास द्विबीज जोडीइतका. द्विबीज जोडीतला फरक १०.० पौंड होता. माणसे तीच, मोजणारे तेच, ताटातूटही तीच. वजनावर घराचा परिणाम झाला तेव्हा पद्धतीने तो दाखवला, उंचीवर झाला नाही तेव्हा नाही दाखवला. जी पद्धत काहीही मोजले तरी ‘जनुके’ असेच उत्तर देते अशी तक्रार असते, तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पुढे १९७९ पासून थॉमस बुशार यांनी मिनेसोटा विद्यापीठात वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास केला. १९९० च्या अहवालात उंचीचा सहसंबंध वेगळ्या वाढलेल्या एकबीज जोड्यांत ०.८६, तर एकत्र वाढलेल्यांत ०.९३ होता. वेगळ्या वाढलेल्यांचा सहसंबंध दुप्पट करावा लागत नाही. घरे खरोखर निराळी असतील तर तोच थेट आनुवंशिक वाटा असतो.

घरे खरोखर निराळी असतात का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांचे काही प्रमाणात मान्य करावे लागते. वेगळी केलेली मुले पुष्कळदा नात्यातल्याच दोन घरांत वाढली. शिवाय जन्माआधीचे महिने त्यांनी एकत्रच काढले होते. या शंकेला दत्तक मुलांचा अभ्यास उत्तर देतो, कारण तिथे उलट बाजूने मोजले जाते: जनुके परकी, घर एक. अमेरिकेतल्या होल्ट या संस्थेमार्फत कोरियातून आलेली मुले दत्तक कुटुंबांना प्रतीक्षायादीच्या क्रमाने दिली जात. मूल निवडता येत नसल्याने उंच घरात उंच बाळ जाण्याची शक्यता राहिली नाही. ब्रूस सॅसरडोट यांनी २००७ मध्ये या कुटुंबांचा हिशेब मांडला. आई एक इंच उंच असेल तर तिचे पोटचे मूल सरासरी अर्धा इंच उंच निघे. दत्तक मुलाच्या उंचीशी मात्र त्या आईच्या उंचीचा संबंध शून्याच्या आसपास होता.

तिसरी कसोटी जुळ्यांवर विसंबत नाही. सख्खी भावंडे सरासरी निम्मी जनुके वाटून घेतात, पण प्रत्यक्षात एखाद्या जोडीत हे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या जोडीत ६२ टक्केही निघते. आपला आकडा किती हे ना भावंडांना कळते ना आईबापांना, त्यामुळे वागणूक त्यावर ठरण्याचा प्रश्नच येत नाही. पीटर व्हिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३,३७५ जोड्यांत जनुकांचे हे प्रमाण आणि उंचीतले साम्य ताडून पाहिले. आनुवंशिक वाटा ०.८० आला. अनिश्चितता मोठी होती, ०.४६ ते ०.८५, तरी समान वागणुकीचा आक्षेप इथे लागू होऊ शकत नाही आणि उत्तर मात्र जुळ्यांच्याच आसपास येते.

पद्धतीत दोष नाहीत असे नाही, पण ते सगळे आकडा फुगवणारे नाहीत. पुष्कळ एकबीज जुळी एकाच वारेवर वाढतात, रक्तपुरवठा एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळतो, आणि जन्मतः ती असमान असतात. यातून त्यांचे साम्य घटते आणि आनुवंशिक वाटा कमी दिसतो. एकबीज कोण आणि द्विबीज कोण हे ओळखण्यात घोटाळा झाला तर दोन गटांतला फरक पुसट होतो, म्हणजे पुन्हा आकडा खालीच येतो. तिसरी गोष्ट लग्नाची. पाश्चात्त्य समाजांत पती-पत्नींच्या उंचीत सुमारे ०.२ इतका सहसंबंध आढळतो. उंचाने उंच जोडीदार घेतला की त्यांच्या मुलांत जनुकांचे साम्य निम्म्याहून थोडे जास्त होते आणि द्विबीज जुळ्यांचा सहसंबंध वाढतो. वरच्या उदाहरणातले सामाईक परिस्थितीचे ०.१० सगळेच्या सगळे यातून निर्माण होऊ शकते.

खरा वाद वेगळ्या ठिकाणी आहे. आइसलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आईबापांच्या जनुकांचा घराच्या परिस्थितीतून होणारा परिणाम वगळण्याची रीत वापरली आणि उंचीचा आनुवंशिक वाटा ०.५५ काढला. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीतून उंचीशी निगडित १२,१११ जनुकीय खुणा सापडल्या. युरोपीय वंशाच्या लोकांतली जवळपास ४० टक्के तफावत त्या समजावतात. हा ४० टक्क्यांचा आकडा ०.८० चे खंडन म्हणून दाखवणे चूक आहे: तो फक्त सर्रास आढळणाऱ्या खुणांचा हिशेब आहे, दुर्मीळ बदल त्यात मोजलेले नाहीत. आइसलंडचा आकडा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. ०.८० हा वरच्या टोकाचा अंदाज असण्याची शक्यता आहे, पण तफावतीचा मोठा हिस्सा आनुवंशिक आहे हे त्यानेही ढळत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे. ०.८० म्हणजे १७० सेंटिमीटर उंच माणसातले १३६ सेंटिमीटर जनुकांचे आणि ३४ अन्नाचे, असा अर्थ काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. एका माणसाच्या उंचीचे असे तुकडे पडत नाहीत. हा आकडा एका समाजातल्या, एका काळातल्या माणसांमाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. समजा पुरुषांच्या उंचीचे प्रमाण विचलन ७ सेंटिमीटर आहे. त्याचा वर्ग ४९. ८० टक्के वाटा ३९.२, उरले ९.८. सगळ्यांची जनुके एकसारखी झाली तरी ९.८ चे वर्गमूळ, म्हणजे ३.१ सेंटिमीटर इतका विस्तार उरेलच. वाटा २० टक्के असला तरी सेंटिमीटरांत तो मूळ विस्ताराच्या ४५ टक्के भरतो.

शिवाय परिस्थिती सगळ्यांचीच सुधारली तर सरासरी वाढते आणि हा आकडा तसाच राहू शकतो किंवा वाढूही शकतो. फिनलंडच्या जुळ्यांत हे दिसले. १९२८ पर्यंत जन्मलेल्या स्त्रियांत आनुवंशिक वाटा ०.६६ होता, १९४७ ते १९५७ मध्ये जन्मलेल्यांत ०.८२. याच काळात उंचीही वाढली. सगळ्यांना पुरेसे खायला मिळू लागले, गरिबीमुळे पडणारा फरक आटला आणि उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा झाला. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या काळात जनुके इतकी बदलत नाहीत.

म्हणूनच भारतीय मुले जात्याच बुटकी, हे म्हणण्यासाठी जुळ्यांचा आकडा वापरता येत नाही. एका समाजातली तफावत आनुवंशिक असली म्हणून दोन समाजांमधला फरक आनुवंशिक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह सहा देशांतल्या सहा ठिकाणच्या, चांगले पोषण आणि निगा मिळालेल्या मुलांची वाढ मोजली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लांबीतल्या तफावतीपैकी सुमारे ७० टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांमध्ये होती, आणि ठिकाणाठिकाणांमध्ये अवघी ३ टक्के.

दत्तक अभ्यासांची मर्यादाही इथेच कळते. दत्तक घेणारी कुटुंबे बहुधा सुस्थितीतली असतात. त्या घरांमध्ये आहाराचा फरकच थोडा, म्हणून घराचा परिणाम शून्याजवळ दिसतो. उपासमारीचा परिणाम शून्य आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो. तिथे पोहोचल्यावर खुरटलेल्या मुलींची वाढ झपाट्याने भरून निघू लागली, पण पाळीही लवकर आली, मध्यक वय ११.६ वर्षे. त्यामुळे वाढीचा काळ आखूड झाला आणि अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटरवर थांबली. या १५४ मधली किती तूट जनुकांची आणि किती दत्तक जाण्याआधीच्या कुपोषणाची, हे केवळ दत्तक घरांची तुलना करून सांगता येत नाही, कारण ते कुपोषण त्या घरांत शिरण्यापूर्वीच घडून गेले होते.