चाळीस दिवसांची थकबाकी आणि एक पत्र

तगादा कसा करावा, यावर उधारी वसूल करणारे नेहमीच बोलतात. आज आम्ही दुसऱ्या बाजूने लिहीत आहोत, कारण या प्रकरणात पैसे थकवणारे आम्हीच होतो.

गोष्ट 2024 सालची, सोलापूरची. आमचा टॉवेल-चादरींचा घाऊक व्यापार आहे. पॅकिंगची लेबले, खोक्यांवरची स्टिकरे आणि बिलबुके आम्ही एका लहान ऑफसेट छापखान्याकडून करून घेतो. मालक वयाने आमच्यापेक्षा लहान, स्वतः मशीनवर उभा राहणारा माणूस. 5 जून रोजी माल आला, त्याच तारखेचे बिल 38,600 रुपयांचे. 10,000 आगाऊ दिले होते, बाकी राहिली 28,600. मुदत तीस दिवसांची, बिलावर छापलेली, म्हणजे 5 जुलैपर्यंत.

मालात एक खोट निघाली. बारा हजारांपैकी सहाशे लेबलांवर लाल रंग सरकला होता, अक्षरे दुहेरी दिसत होती. आम्ही रागावलो आणि ती लेबले बाजूला टाकली. छापखान्याला मात्र एका शब्दाने कळवले नाही. त्यांनी जुलैत दोनदा फोन केला, आम्ही दोन्ही वेळा "बघतो" म्हणालो. मनात हिशेब असा की, त्याने काम बिघडवले, आता थांबू दे. नऊशे रुपयांच्या खोटीपायी आम्ही 28,600 अडवून बसलो होतो.

14 ऑगस्टला त्यांचा मुलगा हाताने पत्र घेऊन आला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आमच्या मुनीमजींची सही घेऊन गेला. पत्र त्यांच्या परवानगीने, नावे वगळून देतो.

"मोहतरम हाजीसाहेब, अस्सलामु अलैकुम. आमचे बिल क्रमांक 118, दिनांक 5 जून 2024, रक्कम 38,600 रुपये, पैकी 10,000 आगाऊ जमा. बाकी 28,600 रुपये 5 जुलै रोजी देय होते, त्यास आज चाळीस दिवस झाले. बिलाची व सहीच्या चलनाची प्रत सोबत आहे. मालाविषयी आपली काही तक्रार असल्यास ती किती नगांची आहे हे कृपया लिहून कळवावे, आम्ही येऊन पाहू व योग्य ती वजावट देऊ. परंतु ज्या मालाविषयी तक्रार नाही त्याची रक्कम थांबवू नये. संपूर्ण रक्कम शनिवार, 24 ऑगस्टपर्यंत मिळावी. काही अडचण असेल तर दोन हप्ते करावेत व दोन्ही तारखा याच पत्राच्या खाली लिहून द्याव्यात. कागदाचे पैसे आम्हाला पंधरा दिवसांत द्यावे लागतात आणि या बिलावरचा जीएसटी आम्ही जुलैतच भरला आहे. बाकी मिळेपर्यंत आपले नवे काम आगाऊ रकमेवरच घेता येईल, याबद्दल क्षमस्व. आपला खैरख्वाह."

आम्ही हे पत्र दोनदा वाचले. व्यापारात तीस वर्षे झाली, तगाद्याची कितीतरी पत्रे आली आणि कितीतरी आम्ही लिहिली. बहुतेकांत "लवकरात लवकर सहकार्य करावे" एवढेच असते. अशा पत्राला तारीख नसते, म्हणून ते फाईलमध्ये जाते. दुसरा प्रकार वकिलाच्या धमकीचा. त्याने देणाराही हट्टाला पेटतो. या पत्राचे तसे नव्हते. बिलाचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि सोबत चलन असल्यामुळे मुनीमजींना कपाट उघडावे लागले नाही. "बिल सापडत नाही" ही आमची हमखास सबब पहिल्या ओळीतच गेली.

खरी मेख मात्र तक्रारीच्या वाक्यात होती. आमच्या मते पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच. पैसे अडतात ते बऱ्याचदा न बोललेल्या नाराजीमुळे, आणि छापखानेवाला ती विचारायला घाबरतो, कारण विचारले तर वजावट मागितली जाईल. यांनी विचारले. त्यामुळे आम्हाला दोनच गोष्टी करता येत होत्या: सहाशे लेबले दाखवणे किंवा पैसे देणे.

आमच्या कर सल्लागारांना विचारले तेव्हा आमची बाजू किती लंगडी आहे ते कळले. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. म्हणजे 20 जूननंतर आमच्या रागाला कायद्यात किंमत नव्हती. उद्यम नोंदणी असलेल्या छापखान्याचे पैसे ठरल्या मुदतीत आणि कितीही ठरले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही ठरले नसेल तर पंधरा दिवसांतच. (आम्हा निव्वळ व्यापाऱ्यांना या मुदतीचे संरक्षण नाही, हे जाता जाता सांगतो.) शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने तरतूद झाली की, अशा लहान उद्योगाचे मुदतबाह्य देणे 31 मार्चला बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही.

उशिराबद्दल हाच कायदा बँक दराच्या तिप्पट व्याज देतो. तेव्हा बँक दर 6.75 टक्के होता, तिप्पट 20.25. चाळीस दिवसांचे साधारण साडेसहाशे रुपये होत होते. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. पुढे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "हाजीसाहेब, सूद घ्यायचा नाही, मग कशाला लिहू? नुसते घाबरवायला?" यावर आमचे मत थोडे वेगळे आहे. व्याज मागू नये हे ठीक, पण कायद्यातील मुदतीचा साधा उल्लेख करण्यात गैर काही नाही. मोठ्या कंपनीचा हिशेबनीस ते एक वाक्य वाचून जागा होतो. व्याजाऐवजी त्यांनी नवे काम आगाऊ रकमेवर घेण्याची जी अट घातली, ती मात्र आम्हाला फार शहाणपणाची वाटली. त्यात गुनाह नाही आणि ती लागलीच अमलात येते.

हप्त्यांच्या वाक्याने आम्हाला शरम वाटली. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवलत देण्याचाही आहे. या माणसाने दोन्ही पाळले होते. पण आम्ही तंगीत नव्हतो. आमचे पैसे सोडाच, मालही विकला गेला होता, त्यांचीच लेबले लावून! आणि त्याच पत्राखाली तारखा लिहून मागण्यात त्यांचा हिशेबही पक्का होता. बाकी कबूल केल्याची सही मुदतीच्या आत मिळाली, की दाव्याची तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजतात.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सहाशे लेबलांचा गठ्ठा मुनीमजींबरोबर पाठवला. ती खोट त्यांनी पाहताच मान्य केली, दीड रुपयाप्रमाणे नऊशे रुपयांची क्रेडिट नोट दिली, आणि 22 ऑगस्टला आम्ही 27,700 रुपयांचा चेक दिला. दोन महिने अडलेली गोष्ट एका आठवड्यात मिटली. त्यांनी तक्रारीचे ते वाक्य जुलैच्या फोनवरच विचारले असते तर पत्राची गरज पडली नसती, असे आम्ही त्यांना म्हणालो. ते हसून म्हणाले, "फोनवर आपण बोलू कुठे देत होता?"

दिवाळीच्या मालासाठी पुन्हा लेबले छापायची होती. त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ मागितली, आम्ही दिली. या वेळी रंगाच्या नमुन्यावर सही करायला आम्ही स्वतः छापखान्यात गेलो, आणि माल आल्यावर त्याच संध्याकाळी गठ्ठे सोडून पाहिले.